व्हिडीओतून लोकेशन काढलं, तरी तो कुठे आणि कुणी काढला हे कसं कळतं?

जुलै २०२५ मध्ये लातूर जिल्ह्याशी संबंध असलेले दोन व्हिडीओ राज्यभर फिरले. पहिला अहमदपूर तालुक्यातल्या हाडोळतीचा. बैल परवडत नाहीत म्हणून एक वृद्ध शेतकरी स्वतःच औत ओढतोय आणि मागे त्याची पत्नी आहे, असं ते दृश्य होतं. गाव कोणतं, माणूस कोण, हे लोकांना कळलं आणि म्हणूनच त्या घरापर्यंत मदत पोहोचली. अभिनेता सोनू सूदनेही बैलजोडी देण्याची तयारी दाखवली.

दुसरा व्हिडीओ मुंबईतला होता, पण त्याचे पडसाद लातूरमध्ये उमटले. तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करत आमदार रोहित पवार यांनी २० जुलैला तो व्हिडीओ समाजमाध्यमांवर टाकला. त्याच दिवशी लातूरमध्ये सुनील तटकरे यांच्यासमोर छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी पत्ते फेकले. त्यानंतर त्यांना मारहाण झाली आणि त्या मारहाणीचेही व्हिडीओ आले. महिना संपता संपता कोकाटेंचं खातं बदललं. मात्र या सगळ्या काळात आणखी एक प्रश्न चर्चेत राहिला, तो म्हणजे मंत्र्यांचा हा व्हिडीओ काढला कोणी?

हा प्रश्न विचारण्यासाठी कुणालाही व्हिडीओच्या फाइलमधलं लोकेशन लागलं नाही. कॅमेरा कुठल्या बाजूला होता, किती उंचीवर होता, मोबाइलचा स्क्रीन कुठून दिसू शकतो, एवढ्यावरून लोक अंदाज बांधू लागले.

व्हिडीओ टाकण्याआधी ‘लोकेशन काढून टाका’ असा सल्ला सगळे देतात. तो बरोबरच आहे. पण फाइलमधलं लोकेशन काढलं की तुम्ही फक्त अनोळखी माणसापासून लपता. जो तुम्हाला किंवा ती जागा आधीपासून ओळखतो, त्याला फाइलची गरजच पडत नाही. तो चित्र बघतो आणि आवाज ऐकतो. नांदेड-लातूरसारख्या शहरांमध्ये, जिथे अर्ध्या गल्लीला दुसरी अर्धी गल्ली ओळखते, तिथे हा दुसरा धोका जास्त मोठा असतो.

एक उदाहरण घेऊ

समजा, कंधार तालुक्यातली एक मुलगी नीटच्या तयारीसाठी लातूरमध्ये राहते. लातूर पॅटर्नमुळे दरवर्षी बाहेरगावची मुलं या शहरात येतात आणि होस्टेल, मेस किंवा भाड्याच्या खोल्यांमध्ये राहतात. या मुलीच्या मेसमधल्या वरणात अळ्या निघाल्या. आधी दोनदा तक्रार केली, तेव्हा ‘पटत नसेल तर खोली सोडा’ असं उत्तर मिळालं. आता तिने ४२ सेकंदांचा व्हिडीओ काढलाय. तो लोकांनी बघावा, पण तो आपण काढला हे मालकाला कळू नये, असं तिला वाटतं. परीक्षा तीन महिन्यांवर आहे आणि भरलेली अनामत रक्कम मालकाकडे अडकलेली आहे.

(हे उदाहरण काल्पनिक आहे. पण यातला एकेक तपशील नेहमीच्या व्हिडीओंमध्ये दिसणारा आहे.)

या व्हिडीओतून काय काय बाहेर जातं, ते क्रमाने बघू. आधी फाइल, मग चित्र, मग आवाज.

फाइलच्या आत काय लिहिलेलं असतं?

फोनमधला व्हिडीओ बहुतेक वेळा MP4 किंवा MOV फाइल असतो. या फाइलमध्ये चित्र आणि आवाजाशिवाय एक छोटी नोंदवही असते. तिला मेटाडेटा म्हणतात. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल, तर त्या नोंदवहीत अक्षांश-रेखांश लिहिले जातात. संगणकावर ExifTool नावाचं मोफत साधन टाकून ही नोंदवही वाचता येते:

```
exiftool -a -G1 -s jevan.mp4
```

उत्तरात बऱ्याच ओळी येतात. त्यात `GPS` किंवा `Location` असे शब्द शोधायचे. मूळ फाइलमध्ये लोकेशन `+18.40xx+076.57xx/` अशा स्वरूपात असतं. शेवटचे आकडे इथे आम्ही मुद्दाम झाकले आहेत, कारण सगळी गंमत त्यांच्यातच आहे. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन आकडे साधारण एक किलोमीटरचा परिसर सांगतात. चौथा आकडा मिळाला की तो परिसर सुमारे ११ मीटरपर्यंत खाली येतो, म्हणजे जवळजवळ एक इमारत. घराच्या आत जीपीएस थोडं चुकतं, तरी गल्ली नक्कीच कळते.

लोकेशनशिवाय फोनचं मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि व्हिडीओ काढल्याची वेळ याही गोष्टी फाइलमध्ये असू शकतात. ही वेळ बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे. नोंद १४:१० ची दिसली, तर आपल्याकडे संध्याकाळचे ७:४० वाजले होते असं समजायचं. रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती असतील, तर पहिल्या पंगतीला कोण बसलं होतं हे मालकाला माहीत असतं.

फाइलचं नावही विसरू नका. अनेक अँड्रॉइड फोन `VID_20250818_194012.mp4` अशी नावं देतात. यात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ उघड लिहिलेली असते. नोंदवही कितीही पुसली, तरी नाव तसंच राहतं. ते हाताने बदलावं लागतं.

पण व्हॉट्सॲप लोकेशन काढतंच ना?

हो, काढतं. पण व्हिडीओ कसा पाठवला यावर ते अवलंबून आहे.

नेहमीसारखा व्हिडीओ म्हणून पाठवला, तर व्हॉट्सॲप तो नव्याने आवळून लहान करतं आणि त्यात लोकेशनची नोंद राहत नाही. मात्र ‘क्लिअर जातो’ म्हणून तोच व्हिडीओ डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. टेलिग्रामवर ‘फाइल’ म्हणून पाठवलं तरी तेच होतं. ईमेलला जोडलं किंवा गुगल ड्राइव्हची लिंक दिली, तरीही समोरच्याला मूळ फाइलच मिळते. गावाकडच्या पत्रकाराला किंवा एखाद्या मोठ्या पेजच्या ॲडमिनला व्हिडीओ पाठवताना लोक नेमके हेच मार्ग वापरतात, कारण ते चांगली क्वालिटी मागतात. म्हणजे ज्या वेळी सर्वांत जास्त काळजी घ्यायची, त्याच वेळी सगळी माहिती सोबत जाते.

इन्स्टाग्राम, फेसबुक किंवा यूट्यूबवर टाकलेला व्हिडीओ इतरांनी उतरवून घेतला, तर त्यात फोनने लिहिलेलं लोकेशन सहसा मिळत नाही. पण अपलोड करताना तुम्ही कंपनीच्या हाती फाइल दिलेली असते, हे लक्षात घ्या. मालकापासून लपायचं असेल तर याने फरक पडत नाही. प्रकरण पोलिसांत जाण्यासारखं असेल, तर पडतो.

लोकेशन काढायचं कसं?

सगळ्यात सोपं म्हणजे ते मुळात लिहूच द्यायचं नाही. आयफोनमध्ये `Settings > Privacy & Security > Location Services > Camera` इथे जाऊन `Never` निवडायचं. सॅमसंगच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Location tags` नावाचं बटण असतं, ते बंद करायचं. बाकी कंपन्यांच्या फोनमध्ये नाव थोडं वेगळं असतं, पण ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्येच सापडतं. हा बदल पुढच्या व्हिडीओंना लागू होतो. आधी काढलेल्या व्हिडीओंमधली नोंद तशीच राहते.

काढून झालेल्या व्हिडीओसाठी आयफोनमध्ये शेअर करताना वरच्या बाजूला `Options` दिसतं, तिथे `Location` बंद करता येतं. तिथेच `All Photos Data` हाही पर्याय दिसतो. तो बंदच ठेवावा. आयफोनवर केलेली काटछाट मूळ व्हिडीओ कायम ठेवून केलेली असते. हा पर्याय चालू ठेवून एअरड्रॉप केलं, तर समोरचा माणूस तुम्ही कापलेला भाग परत आणू शकतो.

संगणक हाताशी असेल तर FFmpeg हे मोफत साधन जास्त भरवशाचं आहे:

```
ffmpeg -i jevan.mp4 -map 0:v:0 -map 0:a:0 -map_metadata -1 -c copy saaf.mp4
```

याचा अर्थ असा की पहिलं चित्र आणि पहिला आवाज तेवढा उचल, नोंदवही सोडून दे आणि नवी फाइल बनव. चित्राची क्वालिटी बदलत नाही आणि काम काही सेकंदांत होतं. आवाजही नको असेल तर `-map 0:a:0` ऐवजी `-an` लिहायचं. झाल्यावर `saaf.mp4` वर पुन्हा ExifTool चालवून बघायचं, कारण पुसलं गेलं की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही. ExifTool नेही माहिती पुसता येते. पण ते साधन शेजारीच `jevan.mp4_original` अशी जुन्या फाइलची प्रत ठेवून देतं आणि घाईत तीच पाठवली जाण्याची शक्यता असते.

काही जण व्हिडीओ फोनवर लावून त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करतात. त्याने जुनं लोकेशन खरंच जातं. मात्र स्क्रीनच्या वरच्या पट्टीत वेळ आणि बॅटरी दिसत राहते आणि मध्येच ‘आई’चा मेसेज आला तर तोही रेकॉर्ड होतो.

एवढं केल्यावर आपल्या उदाहरणातली फाइल स्वच्छ झाली. तरीही मालकाला ती मुलगी सापडेल का? सापडेल, आणि बहुधा पाच मिनिटांत.

चित्र काय सांगतं?

व्हिडीओ सुरू होतो तेव्हा ताट दिसतं. स्टीलचं ताट आणि त्याच्या काठावर कोरलेलं नाव. मराठी घरांमधली भांडी बहुतेक लग्नात, वास्तुशांतीला किंवा बारशाला आलेली असतात आणि त्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीखही कोरलेली असते. मेसमध्ये स्वतःचं ताट नेण्याची पद्धत असेल, तर त्या काठावर मुलीच्या आजीचं किंवा मामाचं नाव असू शकतं. रोजच्या वापरातली वस्तू असल्याने तिचं तिकडे लक्षही जात नाही.

आठव्या सेकंदाला कॅमेरा वर जातो आणि मागची भिंत येते. भिंतीवर क्लासचं वेळापत्रक आहे. त्याच्या रंगावरूनच क्लास कोणता ते कळतं. कोपऱ्यात २० लिटरचा पाण्याचा जार आहे आणि त्यावर पुरवठादाराचा मोबाइल नंबर आहे. इथे व्हिडीओ होस्टेलशी जोडला गेला. पण खिडकी त्याहून जास्त बोलते. समोरच्या इमारतीवरची काळी टाकी, एक होर्डिंग, विजेचा खांब. बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळणार नाही. मालकाला मात्र ती टाकी एवढ्या कोनातून फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतून दिसते, हे माहीत आहे.

आता कोन. विधान परिषदेतल्या व्हिडीओबद्दल जो प्रश्न विचारला गेला, तोच इथे लागू होतो. कॅमेरा खालून वर बघतोय की वरून खाली? ताट मांडीवर आहे की टेबलावर? डाव्या हाताने फोन धरलाय की उजव्या? खोलीत चार पलंग असतील आणि बाकी तीन पलंग चित्रात दिसत असतील, तर व्हिडीओ चौथ्या पलंगावरून काढलाय. इथे काहीही ओळखावं लागत नाही. जी चित्रात नाही, तीच व्हिडीओ काढणारी. लोक चेहरा दिसू नये याची काळजी घेतात, पण सगळ्यांचे चेहरे दाखवून फक्त स्वतःचा वगळला तर तोच पुरावा होतो.

मग येते चमक. स्टीलचा पेला, आरसा, खिडकीची काच, चष्मा, बंद टीव्ही. जपानमध्ये २०१९ साली एका तरुण गायिकेवर हल्ला करणाऱ्या माणसाला अटक झाली, तेव्हा त्याने तिचं घर कसं शोधलं हे बाहेर आलं. तिच्या सेल्फीमधल्या डोळ्यांत समोरच्या रेल्वे स्टेशनचं प्रतिबिंब पडलं होतं, त्यावरून त्याने स्टेशन ओळखलं. घरात काढलेल्या तिच्या व्हिडीओंमधले पडदे आणि खिडकीतून येणारा उजेड यांवरून त्याने इमारतीतली जागा हुडकली. त्या मुलीने कुठेही पत्ता लिहिला नव्हता.

रस्त्यावरच्या व्हिडीओत तर काम आणखी सोपं होतं. MH-24 म्हणजे लातूर, MH-26 म्हणजे नांदेड, MH-55 म्हणजे उदगीर. एका नंबरप्लेटवरून जागा ठरत नाही, पण पार्किंगमधल्या आठ गाड्या MH-26 च्या असतील तर शहर ठरलं. गंजगोलाईत १६ रस्ते एकत्र येतात. तिथला गोलाकार बाजार ओळखायला लातूरकर असण्याचीही गरज नाही. नांदेडमध्ये सचखंड गुरुद्वाऱ्याचा घुमट मागे आला, तर तो कोणत्या बाजूने आणि किती मोठा दिसतो यावरून रस्ता सांगता येतो. दुकानांच्या पाट्यांवर आपल्याकडे पत्ता आणि फोन नंबर दोन्ही असतात. विजेच्या बिलाचा कागद टेबलावर पडला असेल, तर त्यावर ग्राहक क्रमांक, नाव आणि पत्ता हे सगळं असतंच.

आणि काहीच पाटी नसेल तर? बीबीसीच्या आफ्रिका आय या टीमने २०१८ मध्ये एका व्हिडीओवर केलेलं काम या बाबतीत बघण्यासारखं आहे. सैनिक दोन महिला आणि दोन मुलांना मारतानाचा तो व्हिडीओ नेमका कुठला, यावर वाद होता आणि कॅमेरून सरकारने आधी आरोप फेटाळले होते. मागे दिसणाऱ्या डोंगराची कडा उपग्रह चित्रांशी जुळवून या टीमने कॅमेरूनमधली जागा शोधली. सैनिकांच्या सावल्यांवरून, घरांच्या बांधकामावरून आणि एका पायवाटेवरून घटनेचा काळ मार्च-एप्रिल २०१५ असा काही दिवसांपर्यंत आणला. तिथे हे कौशल्य गुन्हेगार शोधायला वापरलं गेलं. तेच कौशल्य कुणालाही कुणाच्याही विरोधात वापरता येतं.

आवाज बंद करायला लोक विसरतात

आपल्या उदाहरणात १९ व्या सेकंदाला मैत्रीण विचारते, “काय करूलालीस गं?” आणि पुढे नाव घेते. नाव कापता येईल. ‘करूलालीस’वरून लातूर-नांदेडकडची बोली कळते. लातूरच्या होस्टेलमध्ये त्याने कुणी वेगळं पडत नाही, पण पुण्याच्या होस्टेलमध्ये पडलं असतं. खरी अडचण नाव किंवा बोली ही नाही, ती आवाजाचीच आहे. रोज ‘काका, पाणी आलं नाही’ म्हणणारा आवाज मालकाला दोन शब्दांत कळतो. आवाज बारीक किंवा जाड करणारी ॲप्स फक्त पट्टी बदलतात. ती उलटी फिरवून मूळ आवाजाच्या जवळ जाता येतं आणि बोलण्याची लकब तर तशीच राहते.

मागचे आवाज जागा आणि वेळ दोन्ही सांगतात. नांदेड स्टेशनजवळच्या घरात काढलेल्या व्हिडीओत सचखंड एक्सप्रेसची उद्घोषणा ऐकू आली, तर स्टेशनही कळलं आणि वेळापत्रक बघून वेळेचा अंदाजही आला. मंदिरातली आरती, अजान, शाळेची घंटा, घंटागाडीचं गाणं, ऐन वेळी गेलेली वीज यांचंही तसंच आहे. व्हिडीओत बोलणं महत्त्वाचं नसेल, तर आवाज पूर्ण काढणं हाच त्यावर इलाज आहे. बोलणं महत्त्वाचं असेल, तर ते अक्षरांत लिहून दाखवता येतं.

ब्लर केलं की झालं?

इथे बहुतेक लोक चुकतात. ताटावरच्या नावावर चौकोनी ठिपक्यांचा मोझेक टाकला जातो. फोटोत तो काहीसा बरा. व्हिडीओत हात हलतो, ताट हलतं आणि प्रत्येक फ्रेममध्ये मोझेकचे ठिपके अक्षरांच्या थोड्या वेगळ्या भागावर पडतात. एका सेकंदात ३० फ्रेम असतील, तर शोधणाऱ्याला त्याच नावाचे ३० वेगवेगळे अंधुक नमुने मिळतात. ते एकमेकांवर ठेवून अक्षरं परत काढता येतात, हे प्रत्यक्ष करून दाखवलं गेलं आहे. नाव, नंबर किंवा चेहरा लपवायचा असेल तर त्यावर पूर्ण भरीव काळी पट्टी हवी. त्याहून चांगलं म्हणजे तो भाग कापूनच टाकायचा.

चेहरा शोधून आपोआप ब्लर करणारी ॲप्स दुसऱ्या कारणाने फसतात. माणसाने मान वळवली किंवा कुणी मधून गेलं की ब्लर सुटतो, आणि अर्ध्या सेकंदासाठी चेहरा उघडा पडतो. नेहमीच्या वेगाने बघताना ते लक्षात येत नाही. शोधणारा मात्र व्हिडीओ थांबवत थांबवत बघतो. म्हणून टाकण्याआधी पूर्ण व्हिडीओ पाव वेगाने, मोठ्या स्क्रीनवर, एकदा आवाज बंद ठेवून बघायचा आणि एकदा डोळे मिटून फक्त ऐकायचा. रीलचं कव्हर वेगळं निवडलं असेल तर तेही बघायचं. ब्लर करण्याआधीची फ्रेम कव्हरवर राहिलेली असू शकते.

चित्रात दुसरं कुणी असेल तर प्रश्न फक्त सावधगिरीचा राहत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यातही अशीच बंदी आहे. नाव घेतलं नाही, पण घर, शाळा किंवा आईवडील दाखवले, तरी ओळख उघड होऊ शकते.

लोकेशन काढणं चुकीचं कधी ठरतं?

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात मुसळधार पावसानंतर रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांत पाणी शिरलं आणि लोक अडकले. अशा वेळी घराच्या छतावरून व्हिडीओ काढणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत हे सांगायचंच असतं. मदत हवी असेल तर ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर फोन करून जागा सांगायची, आणि व्हिडीओ टाकलाच तर त्यात गाव, तारीख, वेळ बोलायची. पुराचे जुने व्हिडीओ नवे म्हणून फिरतात. त्यात जो व्हिडीओ स्वतःची तारीख सांगतो, तो तपासता येतो.

तक्रारीच्या व्हिडीओचंही काहीसं असंच आहे. उद्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा कोर्टात जायचं झालं, तर स्वच्छ केलेल्या फाइलची किंमत कमी होते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा नोंदवावा लागतो. फाइलमधली एक नोंद पुसली तरी हा ठसा बदलतो. त्यामुळे मूळ व्हिडीओला हात न लावता त्याची प्रत करायची आणि सगळी काटछाट त्या प्रतीवर करायची.

मग त्या मुलीने काय टाकावं?

४२ सेकंदांपैकी कामाचे सेकंद नऊच आहेत. त्यांत चमच्यावरच्या अळ्या जवळून दिसतात. ताटाचा काठ, हात, भिंत, खिडकी असं सगळं कापून फ्रेम फक्त चमच्याभोवती ठेवता येते. आवाज पूर्ण काढायचा. हातातली अंगठी किंवा मेंदी दिसत असेल तर ते सेकंदही काढायचे. ही काटछाट आधी, लोकेशन पुसणं त्यानंतर, कारण काही एडिटिंग ॲप्स नवी फाइल बनवताना स्वतःच्या नोंदी टाकतात. शेवटी फाइलला साधं नाव द्यायचं आणि एकदा ExifTool ने तपासायची.

व्हिडीओ त्याच रात्री टाकला, तर आज वरण कुणी परत केलं हे मालकाला आठवतं. चार-पाच दिवस थांबून, पुन्हा एकदा वरण झालेल्या दिवसानंतर टाकला, तर संशय पन्नास जणींवर पसरतो. आधी ज्या दोघींनी तक्रार केली होती, त्यांच्यावर मात्र तो तरीही जास्त राहील. याला कोणतंही साधन पुरत नाही. तीच तक्रार आणखी आठ जणींनी लेखी केली, तर व्हिडीओ कुणी काढला या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

व्हिडीओ स्वतःच्या नव्या अकाउंटवरून टाकण्यातही एक खाच आहे. नवं अकाउंट रोजच्या मोबाइल नंबरवर उघडलं आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी दिली, तर ज्यांच्या फोनमध्ये तो नंबर आहे त्यांना ते अकाउंट ‘ओळखीचं’ म्हणून सुचवलं जाऊ शकतं. मालकाच्या फोनमध्ये तो नंबर भाड्याच्या पावतीसाठी आधीच साठवलेला आहे.

मूळ व्हिडीओ तिच्या फोनमध्येच आहे. मालकाने ‘दाखव बघू फोन’ म्हटलं, तर गॅलरीतला शेवटचा व्हिडीओ तोच निघेल. डिलीट केला, तरी आयफोनमध्ये तो `Recently Deleted` मध्ये ३० दिवसांपर्यंत दिसतो, आणि बॅकअप चालू असेल तर त्या बॅकअपच्या ट्रॅशमध्येही काही काळ राहतो. म्हणून व्हिडीओ टाकण्याच्या आदल्या दिवशीच मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कंधारला घरी पाठवायची आणि फोनमधून दोन्ही ठिकाणांहून काढायची.